आयईएल्ट्सचं रायटिंग: टायपिंगचा क्लास लावावा की कागदावर मुद्दे काढावे?

वणीकर: संगणकावरची आयईएल्ट्स द्यायची आहे. मोबाइलवर भराभर लिहितो, पण कीबोर्डवर मिनिटाला १८च शब्द होतात. तालुक्याला ४० च्या स्पीडचा क्लास आहे. लावू का, की कच्च्या कागदावर मुद्दे काढायचा सराव करू?

दर्यापूरचा भाऊ: क्लास लाव बाप्पा! स्पीड नसेल तर मुद्दे काढून काय लोणचं घालतं का? कागदावर जाणारा वेळ फुकट.

आर्वीची ताई: हिशेब करून पाहा. दुसऱ्या प्रश्नातल्या निबंधाला किमान २५० शब्द लागतात आणि साधारण ४० मिनिटं द्यायची असतात. १८ च्या वेगानं २७० शब्द १५ मिनिटांत होतात. उरलेला वेळ विचारात आणि खोडाखोडीत जातो, अन् क्लासात समोरचा उतारा पाहून मारतात, तिथं विचार करावाच लागत नाही.

खरी खोट मोबाइलच्या सवयीत आहे. वाक्याचं पहिलं अक्षर मोबाइल आपोआप मोठं करतो, `i` चं `I` करतो, `dont` मध्ये `'` घालतो. परीक्षेच्या चौकटीत यातलं काहीच होत नाही, चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघही येत नाही. म्हणून सराव वर्डमध्ये नको, साध्या नोटपॅडात कर, अन् नव्या नोटपॅडात स्पेलचेक, ऑटोकरेक्ट असेल तर ते बंद करून. नजर बटणांवर असली की चूक ओळ संपल्यावर दिसते, मग मागं जाऊन दुरुस्त करण्यात वेळ जातो. तेवढ्यापुरतं बोटं बसवायला महिनाभर क्लास केला तर चालेल, ४० च्या मागं लागू नको.

पुसदवाला: मुद्दे चौकटीतच टाइप करायचे, खाली वाक्यं लिहायची, शेवटी मुद्दे पुसायचे. कागद लागतोच कशाला?

आर्वीची ताई: ते मुद्देही शब्दसंख्येत मोजले जातात. आकडा २५५ दिसतो, त्यातले १५ मुद्द्यांचे, म्हणजे निबंध २४० चाच. वेळ संपली तर ते तसेच तपासायला जातात.

समजा विषय आला, तरुणांनी गावात राहावं की शहरात जावं. कागदावर इतकंच:

```
my view: go, but return possible
1 farm income: cotton price, rain
2 city: skill, wage / rent high
```

पाच मिनिटं पुरतात. अख्खी वाक्यं कागदावर लिहिली की तेच दोनदा लिहिणं होतं.

गोंदिया ३०: माझ्याकडे मराठी ३० चं सर्टिफिकेट आहे, ते जोडावं लागते का?

आर्वीची ताई: नाही हो, तिथं कोणी विचारत नाही. बोटांची शिस्त कामी येईल, अक्षरांच्या जागा मात्र इंग्रजीच्या वेगळ्या.

पुसदवाला: चौकटीचं पटलं. पण मुद्दे इंग्रजीत काहून? मराठीत पटकन सुचतात नं.

आर्वीची ताई: सुचतात, पण टाइप करताना प्रत्येकाचं भाषांतर करत बसावं लागतं, तिथंच हात थांबतो.

पुसदवाला: इंग्रजीत सुचलंच नाही तर हात सुरू तरी कुठून होईल? मी तर मराठीतच काढीन.