शुक्रवारची मध्यरात्र : दिवसाच्या आरंभीची की अखेरची?

शिक्षिका, चोपडा

माझ्या एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावरून हा प्रश्न निर्माण झाला आहे. सूचनेत लिहिले होते, ‘अर्ज शुक्रवार, दि. 17 ऑक्टोबर रोजी मध्यरात्रीपर्यंत स्वीकारले जातील.’ ती शुक्रवारी सकाळी अकरा वाजता दाखले घेऊन सायबर कॅफेत गेली, तेव्हा पडद्यावर ‘मुदत संपली आहे’ असे दिसले आणि त्याखाली `17-10-2025 00:00` अशी वेळ होती. दूरध्वनीवर विचारले असता, शुक्रवारची मध्यरात्र गुरुवारी रात्री बारा वाजताच होऊन गेली, असे उत्तर मिळाले. नियमात कोण बसते हा वाद मी येथे काढत नाही. मराठीत ‘शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत’ या शब्दांचा अर्थ काय होतो, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

संगणक शिक्षक, अमळनेर

ताई, उत्तर कटू वाटेल, पण त्यांचे म्हणणे बरोबर आहे. चोवीस तासांच्या घड्याळात दिवस 00:00 ला सुरू होतो आणि त्या क्षणाची तारीख नव्या दिवसाची असते. 17 तारखेची मध्यरात्र म्हणजे 17 तारखेचे 00:00, म्हणजेच शुक्रवारचा पहिला क्षण. तारीख बदलते ती रात्री बाराला, सकाळी नव्हे.

पंचांगाचा वाचक, नंदुरबार

मुळात मध्यरात्र बाराला असते हेच मला मान्य नाही. सूर्यास्त आणि पुढचा सूर्योदय यांचा मध्य म्हणजे मध्यरात्र. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे खरी मध्यरात्र सरासरीने बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या सुमारास होते. ऑक्टोबरच्या मध्यात ती सव्वाबाराच्या थोडी आधी येते, तर फेब्रुवारीत पावणेएकच्या जवळ जाते. त्या मुलीला निदान दहा-बारा मिनिटे अधिक मिळायला हवी होती.

शिक्षिका, चोपडा

आपली गणना रंजक आहे, परंतु माझी अडचण मिनिटांची नसून पूर्ण चोवीस तासांची आहे.

निवृत्त शिरस्तेदार, धुळे

पंचांगवाल्या भाऊंनी प्रश्न चुकीच्या टोकाने धरला असला, तरी उत्तराचा धागा त्यांच्याच हातात आहे. आपल्याकडे वार सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. त्या मोजणीत मध्यरात्र ही दोन दिवसांच्या सीमेवर नसतेच. ती दिवसाच्या पोटात, उजाडल्यापासून सुमारे अठरा तासांनी येते. म्हणून अहिराणीत कुणी ‘शुक्कुरवारनी रात’ म्हणाले, की शुक्रवारी दिवेलागणीनंतर जी रात्र येते तीच आपण समजतो. गुरुवारी जेवणे आटोपून, खाटेवर पडून जी रात्र आपण काढली, तिला शुक्रवारची रात्र म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मध्यरात्र हा त्या रात्रीचाच भाग असल्यामुळे शुक्रवारची मध्यरात्र शुक्रवार आणि शनिवार यांच्या मध्ये पडते.

अमळनेरच्या सरांचे अर्धे म्हणणे खरे आहे. 00:00 हा अंक दिवसाचा आरंभच दाखवतो, याबद्दल वाद नाही. पण सूचनेत तो अंक नव्हता, ‘मध्यरात्र’ हा शब्द होता, आणि अंकाचा अर्थ शब्दावर लादला गेला. घरी वाहनविम्याचा कागद असेल तर काढून पाहावा. त्यात संरक्षणाचा आरंभ अमुक तारखेच्या 00:00 पासून लिहिलेला असतो आणि शेवट तमुक तारखेच्या ‘मिडनाइट’पर्यंत, म्हणजे एकाच ओळीत आरंभाला अंक आणि अखेरीला शब्द. शेवटच्या तारखेची मध्यरात्र ही त्या दिवसाची सुरुवात मानली, तर तुमचा विमा वर्षाला एक दिवस तोकडा पडेल.

8 नोव्हेंबर 2016 चे उदाहरणही घ्या. रात्री आठच्या सुमारास भाषण झाले आणि पाचशे-हजाराच्या नोटा ‘आज मध्यरात्री’पासून चलनातून बाद झाल्या. ती 8 नोव्हेंबरची मध्यरात्र पुढे यायची होती, मागे गेलेली नव्हती, आणि त्याबद्दल कुणालाही शंका आली नाही.

शेतकरी, यावल

नाना, माझे नुकसान नेमके याच्या उलट झाले. शेतीपंपाच्या विजेच्या तक्त्यात आमच्या फिडरसाठी ‘शुक्रवार 00.00 ते 08.00’ असे होते. मी ते शुक्रवारी रात्री बारा असे वाचले आणि शुक्रवारी पावणेबाराला बॅटरी घेऊन केळीच्या मळ्यात जाऊन बसलो. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडून ठेवले, पण साडेबारा झाले तरी मोटारीचा आवाज नाही. शेजारच्या आप्पांना उठवून विचारले, तर ते म्हणाले की वीज काल रात्री येऊन सकाळी आठला गेली. आमच्या बोलण्यात ती गुरुवारची रात्र होती.

संगणक शिक्षक, अमळनेर

माझा आग्रह मी अर्धा मागे घेतो. यावलच्या दादांनी अंकाला शब्दाचा अर्थ दिला आणि ताईंच्या बाबतीत कार्यालयाने शब्दाला अंकाचा अर्थ दिला. तो कसा दिला गेला असावा, हे मी आमच्या संस्थेच्या अर्जावर पाहिलेले आहे. मुदतीच्या रकान्यात नुसती तारीख निवडली आणि वेळ भरली नाही, तर पुष्कळ प्रणाली स्वतःहून `00:00` धरतात. सूचना लिहिणाऱ्याच्या मनात शुक्रवारची अखेर असते, तारीख निवडणारा शुक्रवारच निवडतो आणि खिडकी गुरुवारी रात्रीच बंद होते. पडद्यावरील वेळ नेमकी `00:00` असेल, तर कुणी ती विचारपूर्वक ठरवलेली नसण्याचीच शक्यता अधिक.

म्हणूनच मुदत रात्री 11.59 अशी लिहावी असे सुचवले जाते. मात्र प्रणालीत `23:59` भरले, तर 23:59:00 ला दार लागते आणि शेवटचे मिनिट बुडते. `23:59:59` भरावे, किंवा सरळ `18-10-2025 00:00` भरून सूचनेत ‘शुक्रवार संपेपर्यंत’ असे लिहावे.

शिक्षिका, चोपडा

नाना, कायद्यात याला काही आधार आहे का? मला विनंतिपत्र लिहायचे आहे.

निवृत्त शिरस्तेदार, धुळे

1897 च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचे कलम 9 पाहावे. मुदत मोजताना ‘पासून’चा पहिला दिवस वगळता येतो आणि ‘पर्यंत’चा शेवटचा दिवस धरता येतो, असा त्याचा आशय आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते कलम केंद्रीय अधिनियम आणि विनियम यांच्या भाषेसाठी आहे, कुठल्याही संस्थेच्या सूचनेला ते आपोआप लागू होत नाही. आणि ते दिवसांबद्दल बोलते, तासांबद्दल नाही. तेव्हा पत्रात मुख्य भर सूचनेच्या वाक्यावर द्यावा. मुदत गुरुवारी रात्री बाराला संपवायची असती, तर ‘गुरुवारपर्यंत’ एवढेच पुरले असते. ज्या शुक्रवारचा एक मिनिटही अर्जदाराला मिळत नाही, त्याचे नाव घालण्याचे कारणच उरत नाही.

पंचांगाचा वाचक, नंदुरबार

मग ‘15 ऑगस्टच्या मध्यरात्री स्वातंत्र्य मिळाले’ हे वाक्य आपण चूक ठरवणार का? संविधान सभेची बैठक 14 तारखेला रात्री अकराला सुरू झाली होती. नानांच्या नियमाने ती 14 ऑगस्टची मध्यरात्र होते, पण मी दोन्ही वाक्ये ऐकली आहेत.

निवृत्त शिरस्तेदार, धुळे

मी 14 ऑगस्टची मध्यरात्र म्हणेन. पण ‘15 ऑगस्टच्या’ असे बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना काही वेगळे सांगायचे असते असे नाही. वाराला रात्र घट्ट चिकटते, तारखेला तितकी चिकटत नाही, एवढेच त्यावरून म्हणता येईल. त्यातही ‘शुक्रवारी रात्री दोन’ आणि ‘शनिवारी पहाटे दोन’ ही एकच वेळ आहे. रात्र म्हटले की मागचा वार आणि पहाट म्हटले की पुढचा, पण रात्र कुठे संपून पहाट कुठे लागते, हे माझ्या घरातही एकमताने ठरलेले नाही.

शेतकरी, यावल

ज्याची पाण्याची पाळी असते, त्याला दोनला पहाट म्हणवत नाही, नाना.

शिक्षिका, चोपडा

पत्र आज दिले. ‘शुक्रवारचा एक मिनिटही मिळत नाही’ हे नानांचे वाक्य त्यात जसेच्या तसे घेतले आहे आणि पडद्याचे छायाचित्र जोडले आहे. उत्तर सोमवारपर्यंत देऊ म्हणाले. सोमवारी किती वाजेपर्यंत, हे मी विचारून घेतले.