मदत हवी आहे: खोकून बरगडी दुखतेय, मुका मार की क्रॅक?

तीन आठवडे खोकला होता, परवा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीवर जोरात ढास लागली आणि उजवीकडे खाली कट्ट झालं, तेव्हापासून शिंकायचीही भीती वाटते. बोटाने दाबलं की एकाच जागी जीव जातो. एक्स-रे नॉर्मल आहे, पण डॉक्टर म्हणाले बारीक क्रॅक त्यात दिसेलच असं नाही, आणि मुका मार असो की क्रॅक, उपचार तेच, तीन ते सहा आठवडे. पट्टा बांधू नका म्हणाले, श्वास उथळ होऊन कफ साचतो न् न्यूमोनिया होऊ शकतो (सासूबाई मात्र पट्टा घेऊन तयारच!). दर तासाला दहा खोल श्वास, खोकताना उशी छातीशी घट्ट. ताप, धाप, रक्त दिसलं तर लगेच या म्हणाले. पण सहाव्या श्वासालाच कळ येते, तिथे थांबायचं का? गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने केलं तर जमतं का कुणाला?