मदत हवी आहे: मेटा आणि गुगलचा आकडा बेरजेत दुकानापेक्षा जास्त, मग खर्च परवडतो की नाही?

बिबडीवाला_यावल
बिबड्या, कळण्याचं पीठ आणि केळी वेफर्स स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. गिऱ्हाईक बहुतेक पुणे-मुंबईतली आपली खान्देशी मंडळी. एप्रिलमध्ये मेटावर ९०,००० आणि गुगलवर ६०,००० खर्च झाले. मेटा म्हणतं ४१० ऑर्डर आमच्या, गुगल म्हणतं ३०० आमच्या. दुकानाच्या वहीत मात्र ५२०च आहेत. सरासरी ऑर्डर जीएसटी वगळून ७५० रुपये. मेटाचा रोआस, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागची विक्री, ३.४ आणि गुगलचा ३.७५ दिसतो, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. खरा आकडा कसा काढू?

धुळेकर_पिक्सेल
वेबसाइटवरचा मेटाचा ट्रॅकिंग कोड म्हणजे पिक्सेल आणि तुमचा सर्व्हर, दोन्हीकडून खरेदीची नोंद मेटाकडे जात असेल आणि दोन्ही नोंदींचा event_id जुळत नसेल, तर मेटा एकच ऑर्डर दोनदा मोजतं. माझ्याकडे तेच झालं होतं. ते आधी दुरुस्त करा.

हिशेबनीस_अमळनेर
धुळेकर दादा, तपासायला हरकत नाही, पण ती एका प्लॅटफॉर्मच्या आतली गडबड. इथला घोळ दोघांमधला आहे. सोमवारी पुण्याच्या ताईंनी इन्स्टावर जाहिरात दाबली, बुधवारी गुगलवर दुकानाचं नाव शोधलं, तिथली जाहिरात दाबून बिबड्या घेतल्या. मेटा ७ दिवसांत क्लिक झालंय म्हणून ती ऑर्डर धरतं, गुगलही स्वतःचा क्लिक म्हणून धरतं. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर, बेरीज तेवढी चूक.

म्हणून दोघांची विक्री बाजूला ठेवा. वर दुकानाची विक्री, खाली सगळा जाहिरातखर्च, हाच एमईआर:

```
MER = पोहोचलेल्या ऑर्डरची विक्री / एकूण जाहिरातखर्च
```

"पोहोचलेल्या" हा शब्द महत्त्वाचा. कॅश ऑन डिलिव्हरीतले परत किती आले?

बिबडीवाला_यावल
७० परत. माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता ऑर्डरमागे ३२० उरतात. परत आलेल्या पार्सलमागे १२० बुडतात.

हिशेबनीस_अमळनेर
मग ४५० ऑर्डर, ३,३७,५०० विक्री, भागिले १,५०,००० म्हणजे २.२५. नुसत्या ५२० वर २.६ आला असता आणि तुम्ही खूश झाला असता.

आता किमान किती लागतो ते बघा. ४५० गुणिले ३२० म्हणजे १,४४,०००. त्यातून परतीचे ८,४०० गेले, उरले १,३५,६००. ते विक्रीच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे एमईआर निदान २.४९ हवा. तुमचा २.२५, म्हणून महिन्याला १४,४०० रुपये खिशातून जातात, तेही एजन्सीची फी न धरता. आणि महिना संपल्या संपल्या हा हिशेब करू नका. परतीची पार्सलं यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर आकडा फुगलेला दिसतो.

तापीकाठ
सोपं सांगतो. दोघांचे मिळून ७१०, खरे ५२०. गुणोत्तर १.३७. दोन्ही रोआसना त्यानेच भागा, खरा रोआस मिळाला.

हिशेबनीस_अमळनेर
भाऊ, १.३७ दर आठवड्याला लिहून ठेवा, अचानक वाढला तर ट्रॅकिंग बिघडल्याची खूण. पण दोघांना सारखं कापता येत नाही. जाहिरात नसतानाही आल्या असत्या अशा ऑर्डर दोघांच्या वाट्याला सारख्या नसतात. दुकानाचं नाव शोधणारा बहुधा घ्यायलाच आलेला असतो, त्यामुळे गुगलचा फुगवटा तिथे जास्त असू शकतो. शिवाय जाहिरातीशिवाय आलेल्या ऑर्डरही ५२० मध्येच आहेत. मार्चचा खर्च आणि विक्री द्याल?

बिबडीवाला_यावल
खर्च १,१०,०००. परती वजा जाऊन विक्री २,९७,०००.

हिशेबनीस_अमळनेर
म्हणजे मार्चचा एमईआर २.७. एप्रिलमध्ये ४०,००० जास्त घातले, विक्री वाढली फक्त ४०,५००. वरच्या रुपयाला रुपयाचीच विक्री, नफा नव्हे. शिवाय आखाजीच्या आसपास पुण्याकडची मागणी आपोआप वाढते, त्यामुळे हा १.०१ सुद्धा मला जास्तच वाटतो. सरासरी २.२५ हे लपवते.

पुढचा महिना खर्च १,१०,००० वर आणा. दुकानाच्या नावावरची गुगल जाहिरात दोन आठवडे बंद ठेवा, बाकी काही हलवू नका, आणि दुकानाची एकूण विक्री बघा. गुगलचा आकडा पडणारच, तो बघून घाबरू नका.

तापीकाठ
आणि नेमक्या त्याच आठवड्यात दुसरा कुणी आपल्या नावावर जाहिरात लावून बसला तर?

हिशेबनीस_अमळनेर
तर ती चाचणी फसली समजा. रोज एकदा दुसऱ्या फोनवर नाव शोधून बघा. आणि हेही खरं की महिन्याला ४५० ऑर्डरवर पाच-सात टक्क्यांचा फरक ओळखू येत नाही, तो रोजच्या चढ-उतारातच बुडतो. मोठी घसरण तेवढी दिसेल.

बिबडीवाला_यावल
नव्या आणि जुन्या गिऱ्हाइकांचा हिशेब वेगळा करू का? ४५० पैकी २७० नवे आहेत.

हिशेबनीस_अमळनेर
करा. सगळा खर्च नव्यांवर टाकला तर एका नव्या गिऱ्हाइकाला ५५६ रुपये पडले आणि पहिल्या ऑर्डरवर मिळाले ३२०. उरलेले २३६ भरून निघायला त्याने पुन्हा एकदा तरी घ्यायला हवं. बिबड्या वर्षातून एकदाच घेणारा आणि वेफर्स दर महिन्याला मागवणारा, यांच्यात इथे जमीन-अस्मानाचा फरक. तुमच्याकडे गेल्या वर्षीच्या नव्यांपैकी किती परत आले, ते काढलंत का?

बिबडीवाला_यावल
नाही काढलं. रविवारी वही घेऊन बसतो, मग इथेच टाकतो.