स्वायत्त झालेलं कॉलेज आणि मागे राहिलेली केटी

चिपळूणची आई: मुलगी रत्नागिरीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाच्या गणिताची केटी राहिलीय आणि कॉलेज यंदापासून स्वायत्त झालंय. पेपर कोण काढणार, पदवी कोणाची मिळणार?

गुहागरकर: स्वायत्त म्हणजे कॉलेज स्वतःचं विद्यापीठच झालं. अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीही त्यांचीच. मुंबई विद्यापीठाचा संबंध संपला.

परीक्षा विभागातला: पहिल्या दोन गोष्टी बरोबर, तिसरी चूक. पदवी मुंबई विद्यापीठाचीच राहते आणि तिच्यावर कुलगुरूंची सही असते. कॉलेजचं नाव पदवीवर येतं. गुणपत्रिका मात्र कॉलेजचा परीक्षा विभाग काढतो. स्वतःच्या नावाने पदवी देतं ते अभिमत विद्यापीठ, उदाहरणार्थ मुंबईतली रसायन तंत्रज्ञान संस्था.

आता केटीचं. स्वायत्तता साधारणपणे प्रथम वर्षाच्या नव्या तुकडीपासून वर चढत जाते. तुमची मुलगी जुन्या तुकडीतली, म्हणून तिचा पेपर जुन्या, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावरच हवा. पारंपरिक पदवीच्या सुरुवातीच्या सत्रांचे पेपर कॉलेज विद्यापीठाच्या वतीने आधीही काढायचंच, त्यामुळे इथे फारसं बदलत नाही. घोळ होतो तो वर्ष वाया गेलं तर. मग ती मागच्या तुकडीत, म्हणजे स्वायत्त अभ्यासक्रमात येते. समजा जुनं गणित 2 श्रेयांकांचं होतं आणि नवं 3 चं आहे, तर कोणता पेपर कशाच्या जागी धरायचा हे कॉलेजच्या अभ्यासमंडळाने ठरवलेलं असावं लागतं. ते लेखी मागा. जुना पेपर किती वेळा निघणार, हेही त्याच अर्जात विचारा. मुदत संपल्यावर विचारणाऱ्यांचेच निकाल अडकतात.

दापोलीवाला: आमच्या दापोलीचं कृषी विद्यापीठही अभिमतच ना? भाच्याला तिथे प्रवेश घ्यायचाय.

परीक्षा विभागातला: नाही, ते राज्याच्या कायद्याने झालेलं कृषी विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीला जाणार असाल तर आणखी एक पाहा: कोकणातली काही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, काही लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी. पदवीवरचं नाव त्यावरून ठरतं.

मालवणची प्राध्यापिका: मला स्वायत्तता पटत नाही. संलग्न कॉलेजात शेवटच्या वर्षाचे पेपर बाहेरचे परीक्षक तपासतात. स्वायत्त कॉलेजात शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा बहुधा एकच. गुण फुगतात आणि पुनर्मूल्यांकनही त्याच दारात मागावं लागतं.

परीक्षा विभागातला: धोका खरा आहे. पण विद्यापीठाचा निकाल महिनोन्महिने रखडला की पदव्युत्तर प्रवेश हुकतो, तोही खराच. बाहेरच्या परीक्षकांकडून किती पेपर काढून घेतले, हे कॉलेजला विचारा. उत्तर टाळलं, तर तुमचं म्हणणं मान्य.

मालवणची प्राध्यापिका: पेपर बाहेरचा आणि तपासणी घरची, एवढ्याने माझं समाधान होत नाही.

चिपळूणची आई: सोमवारी लेखी अर्ज देते. पोच कोणाकडून घ्यायची, प्राचार्यांकडून की परीक्षा नियंत्रकांकडून?

परीक्षा विभागातला: अर्ज परीक्षा नियंत्रकांना, प्रत प्राचार्यांना. आवक क्रमांकाचा शिक्का दोन्हींवर घ्या.