मदत हवी आहे: तीन सेटच्या भावावरून पाच सेटचा भाव काढताना कुठे चुकतंय?

नेटकॉर्ड

मंडळी, एक हिशेब अडलाय. काही महिन्यांपासून पुरुष एकेरीच्या भावांची वही ठेवतोय (वही म्हणजे एक्सेलच). पैसे अजून लावलेले नाहीत, आधी कागदावर जमतंय का ते बघतोय.

एक सामना घ्या. हार्ड कोर्ट, तीन सेटची स्पर्धा. फेव्हरेटचा भाव १.४०, समोरच्याचा ३.००. महिन्याभरात तेच दोघं हार्ड कोर्टवरच्याच ग्रँड स्लॅममध्ये पुन्हा समोरासमोर आले, म्हणजे आता पाच सेट. इथे फेव्हरेट १.३३, समोरचा ३.४०.

मी असं केलं: १ भागिले १.४० म्हणजे ७१.४ टक्के. हा आकडा यायला एका सेटमध्ये जिंकायची शक्यता किती हवी? ६४.७ टक्के. ती पाच सेटच्या सूत्रात घातली तर ७६ टक्के, म्हणजे खरा भाव १.३२. बाजारात १.३३ मिळतोय, म्हणून वहीत "किंचित व्हॅल्यू" असं लिहिलं.

सूत्रं ही, p म्हणजे एक सेट जिंकायची शक्यता:

```
P3 = p^2 * (3 - 2*p)
P5 = p^3 * (10 - 15*p + 6*p^2)
```

अडचण अशी की ही किंचित व्हॅल्यू जवळजवळ प्रत्येक स्लॅम सामन्यात निघते, आणि नेहमी फेव्हरेटच्याच बाजूने. बाजार इतका भोळा नसणार. कुठेतरी पाणी मुरतंय, पण कुठे ते सापडत नाही.

काका_फोरहँड

सूत्रं बरोबर आहेत. पाच सेटमध्ये नशिबाला कमी वाव, हे तर जुनंच. २०२१ चं रोलाँ गारोस आठवा. चौथ्या फेरीत मुसेत्तीने जोकोविचकडून पहिले दोन्ही सेट टायब्रेकमध्ये काढले आणि अंतिम सामन्यात त्सित्सिपासनेही २-० आघाडी घेतली होती. तीन सेटची स्पर्धा असती तर जोकोविच चौथ्या फेरीतच घरी गेला असता. प्रत्यक्षात करंडक घेऊन गेला.

तेव्हा माझा नियम सरळ आहे: फेव्हरेट जितका तगडा, तितका पाच सेटचा फायदा जास्त. तुमचा खेळाडू जेमतेम फेव्हरेट आहे. १.१० वाले बघा, खरी मजा तिथे आहे.

मृण्मयी_एस

माझंही हेच झालं होतं! गेल्या स्लॅमला माझ्या फेव्हरेटने पहिला सेट घालवला, मी घाबरून २.०० च्या आसपास बाहेर पडले आणि पुढे तो चार सेटमध्ये जिंकला. तर पहिला सेट गेल्यावर थांबायचं की निघायचं, असंच विचारताय ना?

नेटकॉर्ड

@मृण्मयी_एस नाही हो, मी सामना सुरू व्हायच्या आधीच्या भावाबद्दल विचारतोय. पण तुमचा प्रश्नही कुणी सोडवला तर आवडेल.

दशांश

पाणी पहिल्याच ओळीत मुरतंय. १ भागिले १.४० ही शक्यता नव्हे. त्यात भाव देणाऱ्याचं मार्जिन मिसळलेलं आहे. दोन्ही बाजू मांडा: १.४० चे ७१.४ आणि ३.०० चे ३३.३, बेरीज १०४.८. सामना तर १०० टक्क्यांचाच असतो. वरचे पावणेपाच त्याचे. म्हणून ७१.४ ला १०४.८ ने भागा: ६८.२ टक्के. तीन सेटचा खरा आकडा हा, आणि खरा भाव १.४७.

आता p शोधा. अंदाज घालूनच बघा: ६२ टक्के घातले तर P3 ६७.७ येतो, ६३ घातले तर ६९.१. मधला ६२.४ घ्या, ६८.२ मिळतात. तोच p पाच सेटच्या सूत्रात घाला: ७२.३ टक्के. खरा भाव १.३८. आता १.३३ कडे परत बघा. वहीत जी व्हॅल्यू दिसतेय ती प्रत्यक्षात तोट्याची पैज आहे.

नेहमी फेव्हरेटच्याच बाजूने का निघतं, तेही यातच आहे. मार्जिन न काढता तुम्ही फेव्हरेटची शक्यता तीन गुणांनी फुगवली आणि ती फुगलेली शक्यता पाच सेटच्या सूत्राने आणखी ताणली. मग समोर बाजाराचा मार्जिन लावलेला भाव ठेवला. दोन्हीकडे मार्जिन, त्यामुळे तुलना जवळजवळ बरोबरीत सुटते आणि "किंचित" काहीतरी हाती लागतं. समोरच्या खेळाडूसाठी हेच करून बघा, तिथेही तोच घोटाळा दिसेल: दोघांच्या शक्यता मिळून १०० च्या वर जातील.

स्लॅमच्या भावांमधूनही मार्जिन काढा. १.३३ आणि ३.४० मिळून १०४.६, त्यातून फेव्हरेटचे ७१.९ टक्के. म्हणजे तुमचं गणित ७२.३ म्हणतंय, बाजार ७१.९ म्हणतोय. भांडण नाहीच मुळी.

काका, तुमचा नियम अर्धाच खरा आहे. टक्क्यांत मोजाल तर फायदा मध्येच कुठेतरी सर्वात जास्त असतो. दोन सूत्रांची वजाबाकी केली की उरतं ते असं:

```
P5 - P3 = 3 * p^2 * (1-p)^2 * (2*p - 1)
```

याचं शिखर p = ७२.४ टक्क्यांना येतं. तीन सेटमध्ये ८१.३ टक्के असलेला माणूस पाच सेटमध्ये ८६.७ होतो, म्हणजे फायदा ५.४ गुणांचा, भाव १.२३ वरून १.१५. या गणितात याहून जास्त फायदा कुणालाच नाही. p = ९० असलेला अतितगडा खेळाडू ९७.२ वरून ९९.१ वर जातो. वर जायला जागाच उरलेली नसते.

काका_फोरहँड

गुणांत असेल, पण समोरच्याच्या भावात बघा की. ९७.२ वाल्याविरुद्धचा खेळाडू तीन सेटमध्ये ३६ ला, पाच सेटमध्ये ११७ ला. तिप्पट फरक. तुमच्या ८१ वाल्याविरुद्ध ५.३५ चे ७.५ होतात, दीडपटही नाही. तेव्हा तगडा असेल तर भाव जास्त ताणला जातो, हे मी म्हणतच होतो.

दशांश

मान्य. अंडरडॉगच्या भावात मोजाल तर तुमचं बरोबर. पण तुम्ही १.१० वाले घ्या म्हणालात. फेव्हरेटच्या बाजूने बघितलं तर ९७.२ ते ९९.१ म्हणजे १.०३ चा १.०१. त्यात मार्जिन घातलं की काय उरतं ते सांगायला नको.

मृण्मयी, तुमचंही याच p वर बघू, ६२.४ टक्के. पहिला सेट गेला. तीन सेटचा सामना असेल तर उरलेले दोन्ही जिंकायला हवेत: ३८.९ टक्के, भाव २.५७. पाच सेटचा असेल तर पुढच्या चारांपैकी तीन हवेत: ५१.७ टक्के, भाव १.९३. म्हणजे एक सेट मागे पडूनही तो किंचित फेव्हरेटच राहतो. २.०० ला तुम्ही बाहेर पडलात ते गणितापेक्षा जरा स्वस्तात. तुमच्या खेळाडूचा p अर्थात वेगळा असेल.

बॅकहँड_स्लाइस

गणिताबद्दल वाद नाही. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. हे सगळं "प्रत्येक सेटला p तोच" यावर उभं आहे. प्रत्यक्षात खेळाडू एक तर त्या दिवशी लयीत असतो किंवा नसतो, आणि ते आधी कुणालाच माहीत नसतं.

समजा निम्म्या दिवशी या फेव्हरेटचा p ७५ आहे आणि निम्म्या दिवशी ५१.३. तीन सेटमध्ये हे अनुक्रमे ८४.४ आणि ५२ होतात, सरासरी ६८.२. म्हणजे बाजाराला दिसणारा आकडा अगदी तोच. पाच सेटमध्ये मात्र ८९.६ आणि ५२.४, सरासरी ७१.०. एकाच p ने ७२.३ आले होते. चार गुणांचा फायदा तीनवर आला आणि भाव १.३८ वरून १.४१ झाला. वाईट दिवस असेल तर सामना लांबवून तो चांगला होत नाही.

म्हणून पाच सेटचा सूत्रातून निघालेला आकडा मी कमाल मर्यादा मानतो. किती खाली यायचं हा खरा प्रश्न आहे.

नेटकॉर्ड

@दशांश हात जोडले! वहीतले चाळीस सामने मार्जिन काढून पुन्हा केले. "व्हॅल्यू"च्या ३१ नोंदींपैकी चारच उरल्या, आणि त्या चारही अशा की तीन सेटचा भाव मी क्ले कोर्टवरच्या सामन्याचा घेतला होता आणि स्लॅम गवतावरचं होतं. ती माझीच माती.

@बॅकहँड_स्लाइस तुमचं पटतंय, पण ७५ आणि ५१.३ हे आकडे आणायचे कुठून? आणि दुसरं म्हणजे वय. पस्तिशीचा फेव्हरेट आणि विशीतला समोरचा असेल तर चौथ्या-पाचव्या सेटचा p खाली धरायचा का?

बॅकहँड_स्लाइस

माझे आकडे फक्त समजावण्यापुरते. खरे काढायचे तर ज्या जोड्यांचे तीन सेटचे आणि पाच सेटचे दोन्ही भाव मिळतात त्या गोळा करा आणि सूत्राचा आकडा व बाजाराचा आकडा यांत सरासरी किती फरक पडतो ते बघा. तुमच्या उदाहरणात बाजार ७१.९ ला होता, माझ्या आणि दशांश यांच्या आकड्यांच्या मधोमध नसला तरी मध्येच. एका सामन्यावरून काही म्हणता येत नाही. वयाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

मार्जिन_मास्तर

थोडं तिरकं बोलतो. दशांश यांनी मार्जिन दोन्हीकडे एकाच प्रमाणात कापलं. टेनिसमध्ये भाव देणारे अंडरडॉगच्या भावात जास्त मार्जिन घुसवतात, त्यामुळे फेव्हरेट ६८.२ हून जरा वरच असावा. जेमतेम फेव्हरेटला फारसा फरक पडत नाही. काकांच्या ३६ आणि ११७ वाल्यांना मात्र भरपूर पडतो.

आणि सामना सोडून दिला तर पैजेचं काय होतं ते आपल्याकडे वाचून घ्या. काही ठिकाणी एक सेट पूर्ण झाला की पैज धरतात, काही ठिकाणी शेवटचा पॉइंट होईपर्यंत धरत नाहीत आणि पैसे परत करतात. काकांनी वर काढलेला मुसेत्तीचा सामना घ्या: पाचव्या सेटमध्ये ०-४ असताना मुसेत्तीने सोडला. जोकोविचवर लावणारे काही ठिकाणी जिंकले, काही ठिकाणी नुसतं मुद्दल घेऊन बसले. सामना लांबला की असं व्हायचा धोकाही वाढतो, आणि तो वरच्या दोन्ही सूत्रांत कुठेच नाही.

मृण्मयी_एस

म्हणजे मी पहिल्या सेटनंतर निघाले नसते आणि समोरच्याने तिसऱ्यात सोडला असता, तर मला जिंकल्याचे मिळाले असते की परत मिळाले असते?

मार्जिन_मास्तर

कुठे लावली होती त्यावर. नियमांचं पान उघडा, "माघार" शब्द शोधा.