वेळ बदलताना घड्याळातली वेळ सांगा

> "पुढच्या महिन्यापासून जरा लवकर या, एवढं सांगितलं तर पुरे ना?"

नाही पुरत. मुलीला सांभाळणाऱ्या मावशींना मी हेच म्हटलं होतं. मला साडेसात हवे होते, त्या साडेआठऐवजी सव्वाआठला आल्या. चूक माझीच. शिवाय आमच्याकडे येण्याआधी त्या खालच्या मजल्यावर पोळ्या करतात. ते काम हलवल्याशिवाय त्यांना लवकर येणं शक्यच नव्हतं, आणि तिथे बोलायला त्यांना दिवस हवेत. म्हणून महिना संपायच्या आदल्या दिवशी नको, निदान दोन-तीन आठवडे आधी सांगा.

नंतर मी असं बोलले: "मावशी, १ तारखेपासून माझी ऑफिसची वेळ बदलतेय. आत्ता तुम्ही साडेआठ ते साडेपाच असता, तेव्हापासून साडेसात ते साडेपाच लागेल. नऊ तासांचे अठरा हजार देते, दहाचे वीस देईन. जमेल का? खालच्या ताईंशी बोलून रविवारी सांगा. तोपर्यंत आत्ताचीच वेळ." त्या "बघते" म्हणाल्या. हा होकार नसतो, म्हणून रविवारी मीच पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं, साडेसात जमत नव्हतं, पावणेआठ जमत होतं. तेच ठरवलं, पैसेही त्याच हिशेबाने.