‘गृहीतक’ की ‘परिकल्पना’? सुरुवातीच्या भाषणातल्या एका शब्दावर अडले आहे

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात समाजशास्त्र शिकवते. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे संशोधनपद्धतीची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. येणारी बहुतेक मुलं त्यांच्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली आहेत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून पहाटेची एसटी धरून येतात. सुरुवातीचं भाषण माझ्याकडे आहे आणि त्यात मी लिहिलंय, ‘संशोधनाची सुरुवात गृहीतकापासून होते.’

हे वाक्य मला टोचतंय, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचं गृहीतक होतं, ‘एसटीने रोज ये-जा करणाऱ्या मुलींची हजेरी वसतिगृहातल्या मुलींपेक्षा कमी असते.’ तिने तीस मुलींकडून प्रश्नावली भरून आणली. तीसच्या तीस एसटीवाल्या, वसतिगृहातली एकही नाही. मी विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, कमी असते हे तर आपण गृहीतच धरलंय ना? मग ते परत कशाला तपासायचं? मी कारणं विचारून आले.”

तिचं मराठी चुकलं नव्हतं. आपण घरात ‘मला गृहीत धरू नकोस’ म्हणतो, तोच अर्थ तिने घेतला. मग ‘गृहीतक’ सोडून ‘परिकल्पना’ म्हणावं का? की सरळ ‘हायपोथेसिस’?

अनुवादघर

परिकल्पनाच म्हणा. गृहीतकाला दुहेरी काम लागलंय. ‘असम्प्शन’लाही लोक गृहीतक म्हणतात आणि ‘हायपोथेसिस’लाही. काही पुस्तकांत हायपोथेसिसला ‘गृहीतकृत्य’ आहे, पण तो शब्द मोठ्याने वाचतानाच मुलं अडखळतात. शिवाय यातली काही मुलं पुढे नेटला बसतील. तिथे प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात आणि हिंदीत परिकल्पना किंवा प्राक्कल्पना चालतं. ओळखीचा शब्द आधीच कानावर पडलेला बरा.

सातवी गल्ली

मी एम.ए. भाग १ ला आहे, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. मॅडम, गृहीतक हा शब्द आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा भेटत नाही. तो शाळेच्या भूमितीत भेटतो. युक्लिडची गृहीतकं. तिथे सरांनी स्पष्ट सांगितलेलं असतं की ही सिद्ध करायची नसतात, मान्य करून पुढे जायचं. प्रमेय सिद्ध करायचं, गृहीतक नाही. मग कॉलेजात एकदम तोच शब्द उलटा होऊन येतो आणि कुणी सांगतही नाही की आता तो उलटा झालाय. त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

निवृत्त मास्तर

मी तर्कशास्त्र शिकवत असे. सातवी गल्लीतल्या ताईंनी नेमकी जागा दाखवली. त्यात भर एवढीच, की हा गोंधळ मराठीने निर्माण केलेला नाही. ‘हायपोथेसिस’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाली ठेवलेलं’, म्हणजे पाया. इंग्रजीतही प्रमेयात जे दिलेलं असतं त्याला हायपोथेसिस म्हणतात. मराठी शाळेने त्याला ‘पक्ष’ म्हटलं आणि जे दाखवायचं त्याला ‘साध्य’. म्हणजे भूमितीतला हायपोथेसिस मानायचा असतो आणि प्रयोगातला तपासायचा असतो. ज्याने ‘गृहीतक’ हा प्रतिशब्द केला त्याने पहिला अर्थ पकडला होता, म्हणून त्याला चूक म्हणवत नाही.

जुन्या मराठी पुस्तकांत ‘अभ्युपगम’ही आहे. तो न्यायदर्शनातला. तिथे सिद्धांताचे चार प्रकार सांगितलेत, त्यांतला अभ्युपगम हा शेवटचा. न तपासलेली गोष्ट वादापुरती मान्य करायची आणि पुढचा विचार करायचा, असा त्याचा रोख. त्या मुलांपुढे हा शब्द ठेवू नका. पण ‘वादापुरतं मान्य’ ही छटा त्यांना समजेल.

आणखी एक, मॅडम. संशोधनाची सुरुवात प्रश्नापासून होते. एखाद्या वाडीतल्या बायकांच्या आठवणी गोळा करणारी मुलगी परिकल्पनेशिवायही चांगलं संशोधन करते. तुमच्या वाक्यात शब्दाआधी हे दुरुस्त करा.

रंकाळाकाठ

सर, मान्य. ते वाक्य आत्ताच खोडलं.

आकडेमोड

शब्द कुठलाही घ्या, पद्धत ठरलेली आहे. परिकल्पना मांडायची, चाचणी लावायची, निव्वळ योगायोगाने तसं घडण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आली की परिकल्पना सिद्ध. आणि शून्य परिकल्पना म्हणजे जिथे संशोधकाची कुठलीच परिकल्पना नसते ती. एवढं सांगितलं तरी मुलांचं काम होतं.

निवृत्त मास्तर

पाच टक्क्यांची प्रथा आहे, ते बरोबर. बाकी दोन्ही वाक्यं भाषणात जाऊ देऊ नका. शून्य परिकल्पना हे स्वतःच एक ठाम विधान असतं, ‘फरक नाही’ किंवा ‘हा निव्वळ अंदाजपंचे खेळ आहे’ असं. हा शब्द संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५ साली रूढ केला. ही परिकल्पना सिद्ध होत नसते, फार तर खोडली जाते, असं त्यांचं म्हणणं. आपल्या शोधनिबंधांत ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे’ हे वाक्य सर्रास येतं. तिथे ‘खोडता आली नाही’ एवढंच म्हणायला हवं.

ऊसकरी

माझं गाव करवीर तालुक्यात, आमचं गुऱ्हाळ होतं. तुमचं शून्याचं मला समजलं नाही, पण गृहीत धरण्यावरून सांगतो. आमची आजी गुळाचा खडा जिभेवर ठेवला की सांगते, यात रंग उजळायची हायड्रॉस पावडर घातलीय की नुसत्या भेंडीच्या रसावर मळी काढलीय. अख्खं घर ते गृहीत धरतं. कुणी तपासलेलं नाही. आता हे गृहीतक झालं की परिकल्पना?

सातवी गल्ली

दादा, हेच उदाहरण भाषणात हवं! आज घरात ते गृहीत आहे. तपासायला घेतलं की परिकल्पना.

निवृत्त मास्तर

ऊसकरी, तुम्हाला समजलं नाही म्हणता, पण प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. फिशर यांचं गाजलेलं उदाहरण चहाचं आहे. दूध आधी ओतलं की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो, असं एक बाई म्हणत होत्या. आपण गूळ घेऊ.

आठ खडे घ्या, चार हायड्रॉसचे आणि चार बिनहायड्रॉसचे. आजींना सांगायचं, चार-चार आहेत, त्यातले बिनहायड्रॉसचे चार वेगळे काढा. आठातून चार निवडण्याच्या सत्तर तऱ्हा आहेत आणि पूर्ण बरोबर त्यांतली एकच. आता शून्य परिकल्पना अशी: ‘आजींना चवीवरून काही कळत नाही, त्या अंदाजाने काढतात.’ हे खरं असेल, तर चारही बरोबर निघण्याची शक्यता सत्तरात एक. तेवढं घडलं तर ‘नुसता अंदाज’ म्हणणं अवघड जातं आणि ती परिकल्पना आपण खोडतो.

पण चारातले तीनच बरोबर निघाले तर? घरचे म्हणतील, बघा, आजीला कळतं. तीन बरोबर आणि एक चूक अशा सोळा तऱ्हा आहेत. पूर्ण बरोबरची एक मिळवली की सतरा. म्हणजे निव्वळ अंदाजानेही सत्तरात सतरा वेळा, चारातून जवळजवळ एकदा, इतकं किंवा याहून चांगलं जमतं. तेव्हा खोडता येत नाही. आजींना कळत नाही, हेही त्यातून ठरत नाही. आठ खडे त्यासाठी थोडे पडतात.

ऊसकरी

पण मास्तर, आजीला खडे दिसले की खेळ संपला. हायड्रॉसचा गूळ पिवळाधमक असतो आणि दुसरा काळपट. चवीची गरजच नाही. डोळे बांधायला लागतील. आणि एक खडा आमच्या गुऱ्हाळाचा, दुसरा बाजारातला, असं घेतलं तर ती गुऱ्हाळ ओळखेल, ऊस ओळखेल, पावडर नाही. एकाच दिवशी, एकाच फडातल्या उसाचा रस दोन काहिलींत घ्यायला पाहिजे. गुळव्याही तोच.

रंकाळाकाठ

ऊसकरी दादा, तुम्ही माझं भाषण लिहून दिलंत. दोन्ही काहिलींतला रस सारखाच होता, ही गोष्ट आपण त्या दिवशी तपासत नाही, मानून चालतो. ते *गृहीत*. आजींना चव कळते, ही *परिकल्पना*. त्या नुसता अंदाज करतात, ही *शून्य परिकल्पना*. तीन शब्द, तीन वेगळ्या जागा. आणि गृहीत चुकलं, म्हणजे ऊस वेगळा निघाला, तर आजींचे चारही खडे बरोबर येऊनसुद्धा आपला निष्कर्ष चुकतो.

त्या एसटीच्या मुलीलाही आता सांगता येईल. ‘दोन्ही गटांची हजेरी एकाच पद्धतीने नोंदली जाते’ हे तिचं गृहीत. ‘एसटीवाल्यांची हजेरी कमी’ ही परिकल्पना. आणि ‘दोन्ही गटांत फरक नाही’ हे खोडायचं, तर वसतिगृहातल्या मुली लागणारच. निव्वळ एसटीवाल्या विचारणं म्हणजे आठही खडे एकाच काहिलीतले देणं.

भाषणाचा तुकडा असा लिहिलाय:

‘मुलांनो, या शहरात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग उघडलं. गावाकडच्या मुलाला शहरात राहायला जागा मिळाली तर तो शिकेल, हा त्यामागचा विचार. पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं निघाली. आता मी तुम्हाला विचारते: वसतिगृहात राहणारी मुलं आज ये-जा करणाऱ्यांपेक्षा जास्त नियमित येतात का? तुमच्यातले अर्धे हो म्हणतील. ते हो म्हणणं म्हणजे अंदाज. तो अंदाज कशाने खोटा ठरेल, हे तुम्ही आधीच लिहून ठेवलंत, की त्याची परिकल्पना होते. इंग्रजीत हायपोथेसिस. शाळेतल्या भूमितीचं गृहीतक ते हे नव्हे. ते मानायचं होतं, ही तपासायची आहे.’

अनुवादघर

तुकडा छान आहे. फक्त ‘अंदाज’ हा शब्द दोनदा वेगळ्या अर्थाने आलाय. मास्तरांच्या उदाहरणात ‘अंदाजाने’ म्हणजे न कळता, आणि इथे अंदाज म्हणजे काही आधार असलेलं मत. इथे ‘कयास’ किंवा ‘अटकळ’ घ्या.

सातवी गल्ली

कयास आमच्याकडे कुणी म्हणत नाही. अटकळ वर्तमानपत्रात वाचते, तिथे ती अफवेच्या जवळची असते. ‘अंदाज’च राहू द्या, आणि आजीच्या वेळी ‘न कळता, नुसतं ठोकून’ म्हणा.

आकडेमोड

शून्य परिकल्पनेबद्दल माझं चुकलं, मास्तर, ते पटलं. पण ‘परिकल्पना सिद्ध झाली’ हे वाक्य मुलं लिहिणारच, कारण आमच्याकडे बाहेरचे परीक्षक तेच विचारतात, सिद्ध झाली का? ‘शून्य परिकल्पना खोडली गेली’ असं लिहिलं तर अपुरं समजून गुण कापतात. याचं काय करायचं?

निवृत्त मास्तर

‘परिकल्पनेला आधार मिळाला’ असं लिहायला सांगा. परीक्षक त्यावर अडतील का, ते मला सांगता येणार नाही.

सातवी गल्ली

मॅडम, एक राहिलं. इंग्रजी गटातली मुलं ‘हायपोथेसिस’ म्हणणार आणि आम्ही ‘परिकल्पना’. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसले की मराठीतली मुलं आपला शब्द गिळून टाकतात. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेवाल का, दोन्ही दिवस न पुसता?

रंकाळाकाठ

ठेवते. आणि गृहीत तिसऱ्या ओळीत. ऊसकरी दादा, आठ खडे मिळतील का? एकाच रसाचे, दोन काहिलींचे.

ऊसकरी

गुऱ्हाळ आता बंद आहे, पण शेजारच्या गावात चालू आहे त्याला विचारतो. आजी मात्र म्हणतेय, डोळे बांधून खाणार नाही.